नोकरी घे, अभ्यासही ठेव, पण कुठे थांबायचं ते आजच ठरव

प्रश्न : ताई, मी मेहकरचा, जिल्हा बुलढाणा. वय २५, खुला प्रवर्ग. २०२२ला बी.कॉम. झालो आणि तेव्हापासून पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करतोय. गट-बची पूर्व दोनदा दिली. २०२३ला कट-ऑफ १४ गुणांनी हुकला, फेब्रुवारी २०२५ला ५ गुणांनी. गणितात दर वेळी मार खातो. बाबांचं किराणा दुकान आणि अडीच एकर शेती आहे, महिन्याला दहा हजार पाठवतात. आता हडपसरच्या एका कंपनीत अकाउंट्सला वर्षाला तीन लाखांची ऑफर आली आहे. बाबा म्हणतात, "खासगीचा काय भरवसा? चुलतभाऊ तलाठी झाला, तूही हो. प्रायव्हेटवाल्याला मुलगी कोण देणार?" मामा म्हणतात, जिल्हा परिषदेत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लावून देतो, पुढे कायम होतं. आठ दिवसांत कंपनीला कळवायचंय. काय करू?

उत्तर : कंपनीला होकार कळव, पण ऑफर लेटर वाचून. अभ्यास सोडू नको. मामांना नम्रपणे नाही म्हण. हे मी का म्हणते ते आता सविस्तर सांगते, कारण हीच कारणं तुला बाबांपुढे मांडावी लागणार आहेत.

तुझ्या पत्रातल्या दोन तारखांपासून सुरुवात करू. २०२३ची संयुक्त पूर्व परीक्षा झाली ३० एप्रिल २०२३ला. त्यानंतरची गट-ब पूर्व झाली ती थेट २ फेब्रुवारी २०२५ला. मध्ये गेले एकवीस महिने. या एकवीस महिन्यांत तू रोज अभ्यासिकेत बारा तास बसला असतास काय किंवा चार तास बसला असतास काय, गट-बची संधी एकदाच येणार होती. बाबांनी तेवढ्या काळात दोन लाखांच्या वर पैसे पाठवले आणि त्या पैशांत एक पूर्व परीक्षा पदरात पडली. यात तुझा दोष नाही, त्यांचाही नाही. अभ्यासाचे तास आपल्या हातात असतात, परीक्षेची तारीख आयोगाच्या हातात. पूर्णवेळ तयारीचा हिशेब करताना मुलं नेमकं हेच विसरतात. "अजून एक वर्ष देतो" असं घरी सांगतात आणि त्या वर्षात कधी कधी परीक्षाच होत नाही. म्हणून यापुढे वर्षं मोजू नकोस, परीक्षा मोज.

आता गुणांकडे बघू. चौदावरून पाचवर येणं ही खरी प्रगती आहे. दुसऱ्या प्रयत्नातही चौदा-पंधरा गुणांचंच अंतर राहिलं असतं, तर संयुक्त परीक्षेचा विचार सोडून दे असंच मी तुला सांगितलं असतं. पाच गुणांचं अंतर भरून निघण्यासारखं आहे, मात्र ते नेमकं कुठे आहे हे आधी शोधावं लागेल. तू स्वतःच गणिताचं नाव घेतलंस. संयुक्त पूर्वमध्ये शंभर प्रश्नांना साठ मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. त्यातले साधारण पंधरा-वीस प्रश्न गणित आणि बुद्धिमत्तेचे असतात. बहुतेक मुलं इतिहास-भूगोल-राज्यघटना आधी उरकतात, गणित शेवटी ठेवतात, आणि शेवटच्या सात-आठ मिनिटांत घाईघाईने गोळे रंगवतात.

या रविवारी एक काम कर. फेब्रुवारीची प्रश्नपत्रिका काढ, त्यातले गणित-बुद्धिमत्तेचे सगळे प्रश्न वेगळे लिहून घे आणि घड्याळ न लावता शांतपणे सोडव. समज, असे पंधरा प्रश्न निघाले. त्यातले बारा-तेरा बरोबर आले, तर तुला गणित येतं, फक्त वेळ पुरत नाही. मग उपाय सोपा आहे. पेपरमध्ये गणिताला पंचेचाळिसाव्या मिनिटाची वाट पाहायला लावायची नाही, ते मध्येच घ्यायचं, आणि रोज वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे. पण वेळ असूनही सहा-सातच बरोबर आले, तर पाया कच्चा आहे. तेव्हा टेस्ट सिरीज लावून काहीही होणार नाही. पाचवी ते दहावीची गणिताची पुस्तकं घेऊन शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग एवढं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. दुखणी दोन आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. तुझं कोणतं, हे एका दुपारी कळेल.

एक गैरसमजही काढून टाकते. अभ्यासिकेत कुणी म्हणेल, तुक्के मारलेस म्हणून पाच गुण गेले. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि पर्याय चार असतात. नुसत्या अंदाजाने चार प्रश्न सोडवलेस, तर सरासरीने एक बरोबर येतो आणि तीन चुकतात, म्हणजे एक गुण मिळतो आणि पाऊण जातो. सरासरीने पाव गुण हाती उरतो, तोटा होत नाही. त्यामुळे पाच गुण तुक्क्यांमध्ये शोधत बसू नकोस. दोन पर्याय खात्रीने कटत असतील तर उत्तर द्यायचं, एकही कटत नसेल तर तो प्रश्न सोडून गणिताकडे जायचं.

गणिताबद्दल मी एवढं का बोलते आहे? कारण तेच गणित तुला दुसरं एक दार उघडून देतं, आणि त्या दाराचा तुझ्या पत्रात उल्लेखही नाही. ग्रामीण बँकेची ऑफिस असिस्टंटची, म्हणजे लिपिकाची परीक्षा. ती आयबीपीएस घेते. तिची पूर्व परीक्षा पंचेचाळीस मिनिटांची असते आणि त्यात ऐंशी प्रश्न असतात : चाळीस बुद्धिमत्तेचे, चाळीस गणिताचे. पूर्वमध्ये इतिहास नाही, चालू घडामोडी नाहीत आणि इंग्रजीही नाही. मुख्य परीक्षेत भाषेच्या पेपरला इंग्रजी किंवा हिंदी निवडता येते. मुलाखत नसते. स्थानिक भाषा यावी लागते, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला महाराष्ट्रात त्याची काय काळजी? मे २०२५पासून विदर्भ-कोकण ग्रामीण बँकही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. त्यामुळे आपल्या राज्यात आता ही एकच ग्रामीण बँक आहे आणि तिच्या शाखा तुझ्या मेहकरसारख्या गावांमध्येच असतात.

बँकेच्या परीक्षांची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच लागतं आणि ते थोडंफार इकडेतिकडे झालं तरी परीक्षा होते. भरती सहसा दर वर्षी निघते. नोकरी करणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग होतो, कारण रजा कधी लागणार हे आधीच कळतं.

पण इथे वयाचं घड्याळ वेगळं आहे, ते नीट समजून घे. एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आहे. पोलीस उपनिरीक्षकाला ३१. ग्रामीण बँकेच्या आणि इतर सरकारी बँकांच्या लिपिकाला २८. बँकेच्या अधिकारीपदाला ३०. अडतीसचा आकडा मुलांना फार धीर देतो आणि त्या धीरावर पंचविशी-तिशी निघून जाते. तुझ्या हातात बँकेसाठी तीन वर्षं आहेत. अडतीस विसर, तुझी खरी मर्यादा अठ्ठावीस आहे असं समजून चाल.

राज्यसेवेचं तू काही लिहिलं नाहीस, तरी अभ्यासिकेतले मित्र ओढतील म्हणून सांगते. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर आहेत. नोकरी करत करत, संयुक्त पूर्वमध्ये अजून अडकलेल्या मुलाने त्यात शिरू नये. त्या वाटेला आत्ता जाऊ नकोस.

आता ऑफरकडे वळू. तीन लाख म्हणजे महिन्याला पंचवीस हजार, असं तू बाबांना सांगितलं असशील. हातात पंचवीस पडणार नाहीत. कंपनीकडून पगाराची फोड मागून घे. सर्वसाधारणपणे ती अशी निघते. पंचवीस हजारांपैकी दहा टक्के, म्हणजे अडीच हजार, 'व्हेरिएबल' असतात. ते वर्षाअखेरीस कामगिरी बघून मिळतात किंवा मिळत नाहीत. मूळ पगार साडेबारा हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ दीड हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद सहाशेच्या आसपास आणि ईएसआयसीचा कंपनीचा हिस्सा साडेसहाशेच्या आसपास, हे सगळं त्या तीन लाखांतच मोजलेलं असतं. मग तुझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा दीड हजार, ईएसआयसी दीडशे, व्यवसाय कर दोनशे. शेवटी बँकेत जमा होतात अठरा हजारांच्या आसपास. पीएफचे दोन्ही वाटे मिळून तीन हजार तुझ्याच नावावर साठतात, ते बुडत नाहीत, पण त्यातून मेसचं बिल भरता येत नाही.

अठरा हजारांतून तुझा सध्याचा दहा हजारांचा खर्च आणि हडपसरला जाण्यायेण्याचा दीड-दोन हजारांचा खर्च वजा कर. सहा हजार उरतात. कमी वाटतील. पण बाबांकडून येणारे दहा हजार थांबतात, हे विसरू नकोस. घराच्या बाजूने पाहिलं तर महिन्याला सोळा हजारांचा फरक पडतो. अडीच एकर आणि दुकानावर चालणाऱ्या घरात हा मोठा फरक आहे, आणि वडील तो बोलून दाखवत नाहीत म्हणून तो नाही असं होत नाही.

पगारापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त चिंता आहे : तिथे तुला काम काय देणार? अकाउंट्सच्या नोकऱ्या बाहेरून सारख्या दिसतात, आतून दोन जातींच्या असतात. एका प्रकारात माणूस वर्षानुवर्षं टॅलीत व्हाउचर टाकत बसतो. दुसऱ्या प्रकारात सहा-आठ महिन्यांत त्याच्याकडे बँक रिकन्सिलिएशन येतं, मग टीडीएस, मग जीएसटीची रिटर्न. पहिल्या ठिकाणी तीन वर्षं काढलीस तरी बाजारात तुझी किंमत नवख्याइतकीच राहते. दुसऱ्या ठिकाणी दोन वर्षांत तू असा माणूस होतोस, ज्याला पुण्यातच काय, बुलढाण्यातला किंवा अकोल्यातला सीएसुद्धा हाताशी घेईल. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो. फोन करून विचार, "जीएसटी आणि टीडीएसची रिटर्न कंपनीतच भरतात की बाहेरच्या सल्लागाराकडे जातात? आणि मला त्या कामात कधीपासून घेणार?" सगळं बाहेर जात असेल आणि तुझ्या वाट्याला फक्त नोंदी असतील, तर ही नोकरी एका वर्षापुरती धर आणि दुसरी शोधत राहा.

सही करण्याआधी आणखी तीन गोष्टी बघ. पहिली, मूळ कागदपत्रं. काही लहान कंपन्या मार्कशीट, डिग्री ठेवून घेतात. कुणालाही मूळ प्रत ठेवायला द्यायची नाही, दाखवून परत घ्यायची. उद्या आयोगाची किंवा बँकेची कागदपत्र पडताळणी लागली आणि डिग्री कुणाच्या तरी कपाटात अडकलेली असली तर काय करशील? दुसरी, बाँड. दोन वर्षं सोडणार नाही आणि सोडलं तर अमुक हजार भरीन, असं काही लिहिलेलं असेल तर ते वाचून घे आणि रक्कम किती ते विचार. तिसरी, नोटीस पीरियड. एक महिना ठीक, तीन महिने तुला जड जातील, कारण सरकारी नियुक्तीपत्र आलं की हजर व्हायला मुदत थोडी असते.

नोकरी आणि अभ्यास एकत्र कसा होणार, हा प्रश्न तुझ्या मनात येणारच. खरं सांगते, पहिले दोन-तीन महिने फारसा होणार नाही. शरीर दमतं, कामाची सवय नसते. ते धरूनच चाल, स्वतःला बोल लावू नकोस. त्यानंतर सकाळचे दोन ते अडीच तास आणि रविवारचे सहा तास, एवढं बसतं. आठवड्याला अठरा-वीस तास झाले. गणित आणि बुद्धिमत्तेला एवढं पुरतं. ग्रामीण बँकेच्या पूर्वला पुरतं. संयुक्त पूर्वसाठीही, तुझा सामान्य अध्ययनाचा एक फेरा झालेला असल्यामुळे, उजळणीला पुरतं. संयुक्त मुख्यला मात्र पुरणार नाही, तिथे मराठी-इंग्रजीचा आणि सामान्य अध्ययनाचा असे दोन पेपर आहेत आणि चुरस फार. म्हणून पूर्वचा निकाल बाजूने लागला की रजा काढायची, बिनपगारी काढावी लागली तरी काढायची, किंवा तेव्हा साठलेल्या पैशांवर नोकरी सोडायची. पूर्व पास झाल्यावर नोकरी सोडणं आणि पूर्वच्या आधी सोडणं यात फार अंतर आहे.

अकाउंट्सच्या कामाला महिन्याची एक चाल असते, तिचा फायदा घे. सात तारखेला टीडीएस भरायचा असतो, अकरा तारखेला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ-ईएसआयसी, वीस तारखेला जीएसटीआर-३बी. म्हणजे एक ते वीस ऑफिसात उशीर होणार. एकवीसपासून महिनाअखेरीपर्यंत सहसा वेळेवर सुटका होते. सराव चाचण्या त्या दहा दिवसांत लाव, पहिल्या वीस दिवसांत फक्त रोजचे वीस गणितं आणि थोडं वाचन. दर महिन्याला एकाच प्रकारच्या चाचणीचे गुण वहीत लिहून ठेव. सलग चार महिने गुण हललेच नाहीत, तर पद्धत चुकते आहे असं समज आणि ती बदल.

मामांचं काय? ते प्रेमापोटी सांगत आहेत यात शंका नाही. पण त्यांना दोन प्रश्न विचार : ऑर्डर कुणाच्या सहीने निघणार, आणि पगार कुणाच्या खात्यातून येणार? ऑर्डरवर एखाद्या एजन्सीचं नाव असेल तर तू जिल्हा परिषदेचा कर्मचारी नाहीसच. तू त्या एजन्सीचा माणूस, फक्त बसायला सरकारी खुर्ची. ऑर्डर अकरा महिन्यांची असते, पुढची मिळेल की नाही हे त्या वर्षीच्या निधीवर ठरतं. "पुढे कायम होतं" या वाक्यावर कित्येकांनी दहा-दहा वर्षं काढली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी खटल्यात स्पष्ट सांगितलं की नियमित भरतीची प्रक्रिया न करता लागलेल्या कंत्राटी किंवा हंगामी माणसाला कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यानंतर काहींना न्यायालयातून दिलासा मिळाला, पण तो लढून मिळाला, अनेक वर्षांच्या नोकरीनंतर मिळाला. तू हडपसरला जी नोकरी करशील तिच्यात निदान हाताला काम लागेल. आणि कुणी "इतके लाख द्या, कायमची ऑर्डर आणतो" असं म्हणालं, तर त्या घरात चहालाही थांबू नका. त्यात पैसे जातात आणि गुन्हाही अंगावर येतो.

आता बाबा. मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर उधारीवर माल देऊन, पावसावर अवलंबून राहून घर चालवलं. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार ही त्यांच्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, ते दुकानाच्या गल्ल्यावर बसल्याशिवाय कळत नाही. चुलतभाऊ तलाठी झाला तेव्हा भाऊबंदांत काय बोललं गेलं तेही त्यांनी ऐकलेलं आहे. म्हणून "काळ बदलला, तुम्हाला कळत नाही" असं चुकूनही म्हणू नकोस. त्यांना आकडे समजतात, रोज हिशेब लिहिणारा माणूस आहे. कागदावर आकडे मांडून दाखव.

पहिला आकडा पगाराचा, आणि तो प्रामाणिकपणे मांड. सातव्या वेतन आयोगात राज्याच्या लिपिकाचा सुरुवातीचा मूळ पगार १९,९०० आहे, तलाठ्याचा २५,५००, राज्यकर निरीक्षकाचा ३८,६००. त्यावर निम्म्याहून जास्त महागाई भत्ता आणि घरभाडे. लिपिकाला तालुक्याच्या गावी सगळं कापून हातात तीस हजारांच्या आसपास पडतात. म्हणजे सुरुवातीला सरकारी लिपिकाचा पगार तुझ्या ऑफरपेक्षा बराच जास्त आहे, हे लपवू नकोस. बाबा बरोबर आहेत, म्हणूनच तू अभ्यास सोडत नाहीयेस, हे त्यांना याच ठिकाणी सांग.

दुसरा आकडा पेन्शनचा. त्यांच्या डोळ्यांसमोर निवृत्त गुरुजींची पेन्शन असेल. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना ती जुनी पेन्शन सरसकट नाही. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार आपला हिस्सा टाकतं आणि त्यातून निवृत्तीची सोय होते. मार्च २०२३मध्ये कर्मचाऱ्यांनी राज्यभर संप केला तो याच मागणीसाठी, आणि त्यानंतर सुधारित योजनेचा पर्याय आला. सुरक्षितता आजही आहे, पण ती गुरुजींच्या काळातली राहिलेली नाही.

तिसरा आकडा तलाठ्याचा. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एका जागेमागे दोनशेहून जास्त जण. चुलतभावाने त्यातून जागा मिळवली असेल तर त्याचं मनापासून कौतुक कर, बाबांसमोर कर. पण "तूही हो" हे ठरवून होणारं काम नाही, हे त्या आकड्यावरून त्यांना दिसेल. आणि तशी मोठी भरती पुढच्या वर्षी निघेलच असंही नाही.

लग्नाचं बोलणं टाळू नकोस, कारण बाबांच्या मनात सगळ्यात वर तेच आहे. आपल्याकडे मुलीकडचे सरकारी नोकरी विचारतात हे खरंच आहे. पण तुझ्यापुढे सरकारी नोकरीवाला विरुद्ध खासगीवाला असा सामना आज नाही. एका बाजूला पगाराची स्लिप, पीएफ खातं आणि कामाचा अनुभव असलेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे, दुसऱ्या बाजूला त्याच वयाचा अजून "तयारी करतोय" असं सांगणारा मुलगा. मुलीचा बाप कुणाच्या घरी जाईल, हे बाबा तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकतील. त्यांनाच विचार.

फोनवर हे बोलणं करू नकोस. येत्या शनिवारी गावी जा, दुकान बंद झाल्यावर निवांत बस. आईला आधी सांगून ठेव, तिला बाजूला ठेवून हा निर्णय होऊ नये. आणि रिकाम्या हाताने "मला नोकरी करायची आहे" असं म्हणू नकोस, त्यांना एक लेखी शब्द दे. त्यात एवढंच असू दे : आजपासून घरून पैसे घेणार नाही. संयुक्तची पूर्व आणखी दोनदा देईन, ती जेव्हा होईल तेव्हा. दोन्ही वेळा कट-ऑफ ओलांडता आला नाही तर संयुक्त सोडेन. ग्रामीण बँक आणि इतर बँकांच्या लिपिकाची परीक्षा अठ्ठावीस पूर्ण होईपर्यंत दर वर्षी देईन. पूर्व पास झालो तर मुख्यसाठी रजा किंवा राजीनामा, त्याचे पैसे मी स्वतः साठवलेले असतील. यातल्या प्रत्येक ओळीला थांबायची जागा आहे, आणि वडिलांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती थांबायची जागाच नसण्याची.

ते लगेच हो म्हणतील असं नाही. पहिल्या रात्री चिडतील, कदाचित बोलणारही नाहीत. अशा वेळी वाद वाढवू नकोस, कागद तिथेच ठेव आणि सकाळी दुकान उघडायला त्यांच्याबरोबर जा. तरीही नकारच आला तर? तू पंचवीस वर्षांचा आहेस, पुण्यात राहतोस, निर्णय तुझा आहे. होकार कंपनीला कळव आणि पहिल्या महिन्यापासून घरून पैसे घेणं थांबव. पहिल्या पगारातून दोन हजार आईच्या खात्यावर टाक, दर महिन्याला त्याच तारखेला टाकत राहा.

आठ दिवसांची मुदत आहे, तेव्हा क्रम असा ठेव. उद्याच कंपनीला मेल करून पगाराची फोड, नोटीस पीरियड आणि बाँड आहे का हे लेखी विचार, रिटर्नच्या कामाचा प्रश्न फोनवर विचार. शनिवारी गाव. रविवारी दुपारी, घरीच बसून, फेब्रुवारीच्या पेपरमधलं ते गणित सोडव. सोमवारी सही. बाँडची रक्कम तुझ्या दोन पगारांपेक्षा जास्त निघाली किंवा मूळ डिग्री ठेवून घेण्याची अट असली, तर सही करू नकोस आणि मला पुन्हा लिही. पुण्यात बी.कॉम.वाल्याला अकाउंट्सची दुसरी नोकरी महिना-दोन महिन्यांत मिळू शकते, त्यासाठी या एका कागदावर अडून बसायचं कारण नाही.